पोरांची कट्टी, थोरांचा खटला

कंपनी कमांडरच्या टेबलावर रजेचे जे अर्ज येतात, त्यांत कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : 'घरेलू समस्या'. जवानाला समोर बसवून, चहा देऊन दहा मिनिटं बोलतं केलं की या दोन शब्दांच्या पोटातून जमीन निघते, बहिणीचं लग्न निघतं, आईचं आजारपण निघतं. आणि जमिनीचं प्रकरण असेल तर 'हे सुरू कधी झालं?' असं विचारल्यावर अनेकदा असं उत्तर येतं, की ते ऐकून नवखा लेफ्टनंट हसू दाबतो. 'साहब, बच्चों की लड़ाई हुई थी.'

हसण्यासारखं त्यात काही नाही. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत राजस्थान, पंजाब, आसाम, काश्मीर असं फिरताना निरनिराळ्या प्रांतांतल्या जवानांच्या घरच्या गोष्टी ऐकल्या. भाषा बदलते, पिकं बदलतात, पण एकत्र कुटुंबातल्या या भांडणाचा नकाशा बदलत नाही. दोन चुलत भावंडं भांडतात. ती तासाभरात विसरतात. त्यांच्या आया विसरत नाहीत, मग बाप विसरत नाहीत, आणि शेवटी तहसीलदाराच्या दारात सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. माझं म्हणणं असं, की यात दोष मुलांच्या भांडणाचा नसतो आणि 'बायकांच्या तोंडाचा'ही नसतो. निवाडा कोणी करायचा, कुठे करायचा आणि कशावर करायचा, हे घरात ठरलेलं नसतं. त्यामुळे जो तो वकील होतो आणि न्यायाधीश कोणीच राहत नाही.

एक प्रकरण तपशिलाने सांगतो. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

दक्षिण हरियाणातल्या अहीरवाल भागातला एक हवालदार. युनिट तेव्हा फील्डमध्ये, लडाखला. गावी आई-वडील, शेती बघणारा थोरला भाऊ, दोघांच्या बायका आणि चार मुलं. अंगण एक, चूल एक, म्हशी दोन, जमीन सात किल्ले. तिकडे एकराला किल्ला म्हणतात. थोरल्याचा मुलगा बारा वर्षांचा, हवालदाराचा आठ वर्षांचा. दिवाळीच्या रजेत हवालदाराने आपल्या मुलाला सायकल आणली होती.

जूनच्या सुट्टीत एका दुपारी थोरला पोरगा ती सायकल घेऊन ट्यूबवेलपर्यंत गेला. परत आला तेव्हा चेन उतरलेली, ब्रेकची तार तुटलेली. धाकट्याने मातीचं ढेकूळ उचलून त्याच्या पाठीत मारलं. थोरल्याने त्याच्या थोबाडीत दिली. ओठ दातावर आपटून रक्त आलं. इथवरचं सगळं मिळून पाच मिनिटांचं.

धाकट्याची आई बाहेर आली आणि रक्त बघून अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की दुसऱ्याची वस्तू मोडायची आणि वर मारायचं, हे कुठून शिकलाय हा? शिकवणारी चुलीपाशीच बसली होती. जेठानीने तिथूनच उत्तर दिलं, की सायकल तुमची एकट्याची, मग म्हशीचं दूध काय आकाशातून पडतं? चारा कोण कापतं?

या दोन वाक्यांनंतर भांडण सायकलीचं राहिलं नाही, आणि मुलांचंही राहिलं नाही. रात्री बायकोने नवऱ्याला फोन लावला. फील्डमध्ये फोन म्हणजे नेटवर्क मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढा वेळ. त्या दहा मिनिटांत त्याने बायकोचं ऐकलं, मागे मुलाचं रडणं ऐकलं, आणि उरलेल्या चार मिनिटांत भावाला फोन लावून विचारलं, 'मेरे लड़के पे हाथ कैसे उठा?' भाऊ दिवसभर शेतात होता. त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याने हा प्रश्न स्वतःवरचा आरोप म्हणून ऐकला आणि म्हणाला, 'तेरा घर मैं सँभाल रहा हूँ, और तू मुझसे हिसाब माँग रहा है?' तेवढ्यात लाइन कटली. ती पुन्हा लागली तीन दिवसांनी.

त्या तीन दिवसांत धाकटी सून आपली भांडी घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि तिने वेगळी चूल मांडली. हरियाणात याला एकच शब्द आहे : न्यारे होना. पुढच्या वर्षी जमिनीच्या वाटणीचा, म्हणजे तिकडच्या भाषेत तकसीमचा अर्ज पडला, आणि त्या तारखेसाठी हवालदार माझ्यासमोर रजा मागायला उभा राहिला.

आमचे सुभेदार साहेब बाजूला होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : 'आणि पोरं काय करतात?' हवालदार जरा थांबला. म्हणाला, भांडणानंतर तिसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतःच चेन बसवली होती, तार कुठूनतरी आणून बांधली होती, आणि धाकट्याला पुढे दांड्यावर बसवून दोघं तलावाकडे गेले होते. मग त्यांच्या आयांनी त्यांना एकमेकांशी बोलायला बंदी केली. आता ते शाळेच्या बसमध्ये बोलतात. घरी आल्यावर बोलत नाहीत.

आता हे प्रकरण उलगडून बघू. तीन ठिकाणी ते हाताबाहेर गेलं, आणि तिन्ही ठिकाणं जवळजवळ प्रत्येक घरात सापडतात.

पहिलं ठिकाण अंगणातलं. सायकलीवरून विषय दुधावर गेला. हे जेठानीच्या स्वभावामुळे झालं असं समजू नका. एकत्र कुटुंबाचा हिशेब कधीच लिहिलेला नसतो. एक भाऊ पैसे पाठवतो, दुसरा राबतो. पगाराचा आकडा दिसतो, राबण्याचा आकडा दिसत नाही. दोघांनाही मनातून वाटत असतं की घर आपल्यामुळे चाललंय. आईवडिलांच्या धाकाने हे कोणी बोलत नाही. मोठ्यांनी आपापसात ते बोलणं म्हणजे फूट पाडणं, हलकेपणा. पण मुलाची बाजू घेणं हे आईचं कर्तव्य समजलं जातं. म्हणून जे स्वतःसाठी बोलता येत नाही, ते मुलाच्या नावावर बोललं जातं. मुलाचं भांडण म्हणजे मोठ्यांच्या जुन्या तक्रारींना मिळालेला रजेचा पासच. जावांच्या भांडणात दुसऱ्याच वाक्याला चारा, दूध, पगार, माहेर असले शब्द आले, की ओळखावं, मुलं केव्हाच बाजूला पडली आहेत.

आणि फौजी माणसाने इथे एक गोष्ट नीट बघावी : सायकल आली कुठून? रजेवर येणारा जवान वर्षभराच्या गैरहजेरीची भरपाई वस्तूंनी करतो. कँटीनमधून काहीतरी घेतो, आपल्या मुलाच्या हातात देतो. त्यात वावगं काही नाही. पण ज्या घरात ताट, दूध, पांघरूण सगळं सामाईक आहे, तिथे एका मुलाच्या मालकीची, चाकांवर फिरणारी, सगळ्यांना दिसणारी वस्तू आणली, की घरात प्रथमच 'माझं' हा शब्द येतो. वस्तू घरची की मुलाची, हे देणाऱ्याने देतानाच सांगावं लागतं. 'सायकल तुझी, पण दादाला विचारल्यावर द्यायची, आणि मोडली तर ज्याने मोडली त्याने दुरुस्त करायची' एवढं वाक्य दिवाळीत सगळ्यांसमोर बोललं गेलं असतं, तर जूनमध्ये मुलांपाशी भांडायला नियम असता. नियम असला की मुलं नियमावर भांडतात, आया एकमेकींच्या संस्कारांवर जात नाहीत.

दुसरं ठिकाण टेलिफोनचं. आर्मी रूल 22 प्रमाणे जवानावर आरोप आला, की कमांडिंग ऑफिसर त्याची सुनावणी आरोपीच्या समक्ष करतो. साक्षीदाराला उलटतपासणीचे प्रश्न विचारायची आरोपीला पूर्ण मोकळीक असते, आणि आपले साक्षीदार आणायचीही. आरोप ऐकून, पाठीमागे निकाल लावून मोकळं होता येत नाही. हाच हवालदार सेक्शनमधल्या दोन पोरांची मारामारी सोडवताना दोघांना समोर उभं करत असे. घरच्या बाबतीत मात्र त्याने एक बाजू ऐकली, तीही तिसऱ्याच्या तोंडून, आणि ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला शिक्षा सुनावली.

यात त्याच्या बायकोचा दोष काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. सासरच्या घरात नवरा नसताना राहणाऱ्या बाईला त्या फोनशिवाय दुसरी फिर्याद करायला जागा कुठे आहे? तिने सांगायलाच हवं. प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. इतक्या लांबून करता येण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे ऐकणं. मुलाशी बोलावं, ओठ कसा आहे विचारावं, बायकोला सांगावं की ऐकलं. भावाला फोन करायचाच, तर आरोप न करता 'आज घरी काही झालं का?' असं विचारावं. निकाल देणं हे तिथे हजर असलेल्याचं काम. फील्डमधून घर चालवता येत नाही, हे आपण मान्य करत नाही, कारण ते मान्य करणं फार जिव्हारी लागतं. मुलावर हात उठला आणि आपण तिथे नव्हतो, हे दुःख खरं असतं. पण त्या दुःखाचा राग भावावर काढल्याने आपण तिथे पोचत नाही.

तिसरं ठिकाण कोणाच्याच लक्षात येत नाही. या सगळ्या वर्षभरात मूळ भांडणाचा निवाडा झालाच नाही. बारा वर्षांच्या मुलाने आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडावर मारलं, ही चूक. न विचारता वस्तू नेली, ही चूक. पाठीमागून ढेकूळ मारलं, हीही चूक. हे तिन्ही कोणी मुलांना सांगितलं नाही. थोरल्याने चेन बसवून आपल्यापुरता न्याय केला आणि धाकट्याने दांड्यावर बसून तो मान्य केला. घरातल्या सहा मोठ्या माणसांपेक्षा त्या दोघांचं न्यायालय जास्त चांगलं चाललं.

मग मोठ्यांनी पडूच नये का मध्ये? आपल्याकडे याचं एक जुनं उत्तर आहे, आणि ते फक्त आपल्याकडचं नाही. 1950 च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी जगातल्या सहा ठिकाणी आया मुलांना कशा वाढवतात याचा अभ्यास केला. त्यांत भारतातलं गाव होतं उत्तर प्रदेशातलं खलापूर, तिथली राजपूत कुटुंबं. ली मिंटर्न आणि विल्यम लॅम्बर्ट यांचं त्यावरचं पुस्तक 1964 साली आलं. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते : जिथे नातेवाईक एकाच आवारात राहतात, तिथे मुलांच्या मारामारीबद्दल आया जास्त कडक असतात. याउलट अमेरिकेतल्या गावात, जिथे घरं सुटी सुटी, तिथे 'मारलं तर तूही मार' असं शिकवणं सर्रास चालतं. कारण उघड आहे. शेजाऱ्याशी बिनसलं तर दार लावून घेता येतं, जावेशी बिनसलं तर उद्या सकाळी त्याच चुलीपुढे बसावं लागतं.

म्हणून आपल्या आज्या काय करायच्या? चूक कोणाची हे न विचारता आपल्या पोराच्या पाठीत आधी धपाटा घालायच्या. समोरची मग म्हणायची, 'अहो राहू द्या, माझाच वांड आहे.' भांडण तिथे मिटायचं. ही रीत हुशारीची होती. दोन्ही बाजूंनी आपापल्या पोराला दोष दिला, तर बाजू घ्यायला बाजूच उरत नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या वाड्यांतून वाढलेल्या माझ्या पिढीच्या पाठीला हा कायदा चांगला ठाऊक आहे.

पण या रीतीची किंमत मूल देतं, आणि तीही दर वेळी सारखी नसते. ज्या घरात एक सून नुसती आली आहे, किंवा जिचा नवरा कमावत नाही, किंवा जी विधवा आहे, तिला आपल्या मुलाला धपाटा घालावाच लागतो. दुसरीला घालावा लागत नाही. काही वर्षांनी त्या मुलाला कळतं, की मार नेहमी आपल्यालाच बसतो आणि तो आपल्या चुकीसाठी नसून आपल्या आईच्या जागेसाठी असतो. वीरनारींच्या मुलांच्या बाबतीत हे मी पाहिलं आहे. शहीद भावाच्या मुलाला घर जीव लावतं यात शंका नाही, पण भांडण झालं की त्याची आई सगळ्यांत आधी त्यालाच गप्प करते, कारण तिची बाजू मांडणारा माणूस घरात नाही. शांतता विकत घ्यायचीच असेल, तर तिची किंमत दर वेळी एकाच मुलाकडून घेऊ नये.

गप्प बसण्याची दुसरी किंमत याहून मोठी आहे, आणि ती आपल्या महाभारतात फार स्वच्छ लिहिलेली आहे. द्यूत आणि युद्ध आपण लक्षात ठेवतो, आदिपर्वातलं बालपण विसरतो. पांडू गेल्यावर पांडव हस्तिनापुरात आले आणि शंभर चुलत भावांबरोबर एका घरात वाढू लागले. भीम अंगाने सगळ्यांत दांडगा. तो कौरवांना केस धरून ओढायचा, फरफटत न्यायचा, पोहताना काखेत धरून गुदमरेपर्यंत पाण्याखाली दाबायचा. ते फळं काढायला झाडावर चढले, की खालून झाडाला लाथ घालून फळांसकट त्यांना पाडायचा. महाभारतकार आवर्जून सांगतात, की यात भीमाचा द्वेष नव्हता, पोरकटपणा होता. खरंही असेल. पण पाण्याखाली दाबलेल्याला दाबणाऱ्याचा हेतू दिसत नाही.

या टप्प्यावर एकही मोठा माणूस भीमाला बाजूला घेऊन 'बास' म्हणाल्याचं दिसत नाही. घरात भीष्म आहेत, धृतराष्ट्र आहे, विदुर आहे, कुंती आणि गांधारी आहेत. पुढे दुर्योधनाने गंगाकाठी प्रमाणकोटीला जलविहार योजला, भीमाला विष घातलं आणि वेलींनी बांधून पाण्यात लोटलं. भीम वाचला, परत आला. कुंतीला संशय आला तेव्हा विदुराने तिला सल्ला दिला, की बोलू नकोस, बोललीस तर बाकीच्यांच्याही जिवावर बेतेल. युधिष्ठिरानेही भावांना गप्प राहायला सांगितलं.

म्हणजे पहिल्या टप्प्यात जिथे एका शब्दाने काम झालं असतं तिथे कोणी बोललं नाही, आणि दुसऱ्या टप्प्यात बोलणं इतकं धोक्याचं झालं की शहाण्यांनीही गप्प बसण्याचा सल्ला दिला. बाजू घेणं आणि मध्ये पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कळतं. हस्तिनापुरात बाजू सगळ्यांनी घेतल्या. मध्ये कोणी पडलं नाही.

तेव्हा कुठल्या भांडणात पडायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे ओळखता आलं पाहिजे. माझी कसोटी साधी आहे. भांडणाआधी आणि नंतर मुलं काय करतात ते बघावं. आज हा जिंकला, उद्या तो, आणि संध्याकाळी दोघं एका ताटात, असं असेल तर ते त्यांचं त्यांना मिटवू द्यावं. पण हरणारा दर वेळी एकच असेल, वयात किंवा ताकदीत मोठी तफावत असेल, आणि एक मूल दुसऱ्याच्या वाटेतून सरकायला लागलं असेल, तर ते भांडण नव्हे, तो छळ. एखादं मूल गच्चीवर जायचं टाळतं, एका ठरावीक दादाबरोबर झोपायला नकार देतं, रजेवर आलेल्या बापाला सोडतच नाही, जाताना 'मला घेऊन चला' म्हणतं. अशा वेळी 'घरातलीच पोरं आहेत' असं म्हणून विषय झाकू नये. अंगाला हात लावण्याची गोष्ट असेल तर नातं, इभ्रत, वाटणी कशाचाही विचार न करता मुलाचं ऐकायचं, त्याला तिथून हलवायचं आणि कायद्याकडे जायचं. त्यासाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे, आणि घरातल्या नात्याची सूट त्यात कोणालाही नाही. एकत्र कुटुंबात याच गोष्टी सगळ्यांत जास्त दडपल्या जातात, कारण तिथे बाजू घेतली तर घर फुटतं अशी भीती असते. फुटू द्यावं.

बाकी रोजच्या भांडणांसाठी मला जी व्यवस्था चालताना दिसली, ती अशी. जो मोठा माणूस तिथे हजर आहे, मग तो काका असो, काकू असो, आत्या असो, त्याने तिथेच दोन्ही मुलांना समोर घेऊन ऐकायचं. काय झालं एवढंच विचारायचं, कोण वाईट हे विचारायचं नाही. मोडलं असेल ते कोण दुरुस्त करणार, लागलं असेल त्याला हळद कोण लावणार, एवढं ठरवून सोडायचं. निकाल कृतीचा असावा, मुलाच्या संस्कारांचा नसावा. आणि तिथे लागलेल्या निकालावर अपील नाही. रात्री आईने, फोनवर बापाने, रविवारी आजोबांनी ते प्रकरण पुन्हा उघडायचं नाही. काकूने आपल्या मुलाला रागावलं तर आईने कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. एकत्र घर म्हणजे एका छपराखाली राहणं एवढंच नसतं. माझ्या मुलाला रागावण्याचा हक्क मी तुला दिला आहे, हा त्याचा अर्थ. तो हक्क ज्या घरात राहिला नाही, तिथे चूल एक असली तरी घर केव्हाच वेगळं झालेलं असतं.

हे जमण्यासाठी हिशेब मात्र मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावा लागतो. पैसे पाठवणाऱ्याने आणि राबणाऱ्याने वर्षातून एकदा, आईवडिलांसमोर, मुलं झोपल्यावर बसावं. चाऱ्याचं, दुधाचं, फीचं, दवाखान्याचं उघडपणे बोलावं. जे पानावर लिहून होतं ते अंगणात ओरडावं लागत नाही. आणि हिशेब जमतच नसेल, तर वेळेवर, हसत, वेगळं व्हावं. फील्ड पोस्टिंगवर असलेल्या जवानाने शक्य असेल तेव्हा सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी नाव घालावं. त्याला 'बायकोच्या सांगण्यावरून घर सोडलं' म्हणणारे म्हणोत. सणाला एकत्र येणारी दोन घरं ही रोज कुढणाऱ्या एका घरापेक्षा बरी.

माजी सैनिकांना वेगळं सांगायला हवं. आपले जवान ऐन चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतात. तोवर घराची घडी त्यांच्याशिवाय बसलेली असते. कुठली मुलं कोणाची लाडकी, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्यांना माहीत नसतं. पहिल्याच महिन्यात ते परेड ग्राउंडचा आवाज काढून निकाल द्यायला लागतात, आणि दर निकाल आपोआप स्वतःच्या मुलाच्या बाजूने झुकतो, कारण पंधरा-वीस वर्षांची उधारी फेडायची असते. साहेबहो, नवीन पोस्टवर गेलो की आपण आधी काही दिवस नुसतं बघतो. वाटा बघतो, कोण कधी कुठे जातं ते बघतो, मग बोलतो. घर हीही नवीन पोस्टच आहे. वर्षभर नुसतं बघा. आणि आजोबा झाला असाल तर एकच पथ्य : नातवाच्या तक्रारीवर सुनेला काही बोलू नका.

त्या हवालदाराला रजा मिळाली. जिल्हा सैनिक बोर्डाला पत्रही गेलं. फील्डमधल्या जवानाची तारीख पुढे ढकलण्याची सोय 1925 च्या सैनिक लिटिगेशन कायद्यात आहे, तीही त्याला समजावली. पण सुभेदार साहेबांनी त्याला तारखेच्या चार दिवस आधी पाठवलं आणि सांगितलं, की आधी भावाबरोबर शेतावर जा, तिथे काम कर, बोलणं आपोआप निघेल. जमीन वाटली गेली ती गेलीच. ते थांबणार नव्हतं आणि कदाचित थांबायलाही नको होतं. अंगणात भिंतही आली. मात्र म्हाताऱ्याच्या हट्टाने तिच्यात एक दार ठेवलं गेलं, म्हशी न्यायच्या सोयीसाठी असं सांगून. पोरं त्याच दारातून येतात-जातात, आणि आता त्यांना कोणी अडवत नाही.